अर्ध्या तासाची मागणी

बारामती-इंदापूर रस्त्याला कुंडलिकरावांचा पशुखाद्याचा कारखाना आहे. मका, पेंड, कोंडा दळायचं एक मोठं यंत्र, त्या दळणाच्या कांड्या पाडणारं दुसरं, आणि मिक्सर. एवढ्यावर आजूबाजूच्या दहा-बारा गावांच्या गाईम्हशींचं खाद्य निघतं. कुंडलिकराव साठीला आलेले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा मुलगा सुयोग माल पोचवायला सदा फिरतीवर असे, आणि ऑफिस सांभाळायची ती सून, वृषाली. एम.कॉम. झालेली, बोलायला मोजकी.

छपरावर सोलर बसवायचं वृषालीनंच काढलं. बसवणारा तिचा सख्खा भाऊ, इंदापूरचा रविराज. त्यानं ऑफिसात बसून चहा घेता घेता सांगितलं होतं की आबा, बिल निम्मं होतंय बघा. आबांनी ते वाक्य मनात पक्कं धरून ठेवलं.

मे महिन्यात पॅनेलं चालू झाली आणि जूनच्या सुरुवातीला बिल आलं. युनिटं निम्म्याहून खाली आलेली बघून आबा खूश झाले. चष्मा नीट करून त्यांनी बिल खालपर्यंत वाचलं आणि एका ओळीवर थांबले. कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज, एकशे बारा केव्हीए. मागच्या वर्षीचं बिल काढलं. तिथंही एकशे बाराच. या मागणीवर वेगळा आकार लागतो, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. सोलर बसलं तरी तो आकार जिथल्या तिथं.

त्यांनी रविराजला फोन लावला. तो कुठल्याशा साइटवर होता. म्हणाला, "ते तसंच असतंय आबा, तुमी युनिटं बघा." आणि फोन ठेवला.

हे उत्तर आबांना खुपलं. उन्हातून ऐंशी किलोवॅट येतात म्हणे, मग बाहेरून ओढायची वीज ऐंशीनं कमी नको व्हायला? आणि तसंच असतं म्हणजे कसं?

दुसऱ्या दिवशी वृषाली बँकेच्या कामाला बारामतीला गेली तशी आबा शिडी लावून छपरावर चढले. टळटळीत ऊन. पत्रा पायाला भाजत होता. त्यांनी एक-एक पॅनेल बोट लावून मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस. कोटेशनमध्येही तेवढीच. त्यावरही समाधान होईना, म्हणून वडगाव निंबाळकरचा वायरमन दादासाहेब याला गुपचूप बोलावलं. त्यानं पॅनेलांमागची लेबलं वाचली, इन्व्हर्टरचे आकडे बघितले आणि सांगितलं की माल बरोबर आहे आणि वीजही चांगली येतेय. आबांनी त्याला दोनदा विचारलं की तू रविराजला ओळखतोस का. दादासाहेब जरा दुखावूनच गेला.

शंका मात्र गेली नाही, तिनं फक्त तोंड दुसरीकडं वळवलं. मीटर नवा बसवला होता, त्यात काही केलं असेल का? का मुळात या सोलरमध्येच बहीण-भावाचं काही ठरलं होतं? वृषाली फोनवर भावाशी बोलायची आणि आबा ऑफिसात आले की आवाज खाली करायची, हे त्यांनी दोनदा पाहिलं. त्यांनी सोलरची फाइल कपाटातून काढून घरी नेली आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. वृषालीनं ते पाहिलं. त्या दिवसापासून तिनं जेवताना आबांना आग्रह करायचं सोडलं.

जुलैमध्ये आलेल्या बिलात मागणी एकशे दहा आली.

आबा बिल घेऊन ऑफिसात गेले आणि ते तिच्या टेबलावर ठेवलं. दार उघडंच होतं, बाहेर गेणबा पोती शिवत होता. गेणबा म्हणजे वीस वर्षं यंत्रावर असलेला माणूस. त्याला ऐकू जाईल याचंही भान आबांना राहिलं नाही.

"तुझ्या भावानं मला फसवलंय," ते म्हणाले. "आन् तुला ठावं हाय."

वृषालीनं बिलाकडं पाहिलंही नाही. "पहिलं बिल आलं तेव्हापासून मी त्याच्याशी याच ओळीवरून भांडतेय, आबा. म्हणून आवाज खाली करत होते. माहेरचं भांडण सासरी कशाला ऐकवायचं?" तिनं खणातून एक कागद काढला. "मीटर प्रत्येक अर्ध्या तासाला किती वीज ओढली ते लिहून ठेवतो. ती सगळी नोंद मागायचा अर्ज आहे. तुमची सही पाहिजे म्हणून थांबले होते. फाइल तुम्ही नेल्यावर सही मागायला मन होईना."

आबांनी सही केली. त्यात विश्वास नव्हता. कागदात तरी खरं बाहेर पडेल आणि दोघं भावंडं उघडी पडतील, असंच त्यांच्या मनात होतं.

आठवड्यानं दोघं वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या इंजिनिअर, स्वरूपा मॅडम, तिशीतल्या होत्या. त्यांनी नोंदीचे छापलेले कागद टेबलावर पसरले.

आबांनी सरळ विचारलं, "मॅडम, मीटर बरोबर हाय का?"

"मीटर तपासलाय, काका. बरोबर आहे. हे बघा, दुपारी दोन्ही यंत्रं चालू असताना तुम्ही बाहेरून साठ-पासष्टच ओढताय. सोलर नसतं तर इथं एकशे दहा दिसलं असतं."

"मग बिलात एकशे बारा कुठून आलं?"

मॅडमनी पेन्सिलीनं एका ओळीभोवती गोल केला. मे महिन्याची सतरा तारीख, संध्याकाळी सात ते साडेसात. तिथं एकशे बारा होतं. उरलेल्या महिन्यात आकडा पंच्याऐंशीच्या वर गेलाच नव्हता.

"युनिटं महिनाभराची बेरीज असते," मॅडम म्हणाल्या. "मागणीला बेरीज नाही. महिन्यातला सगळ्यात जड अर्धा तास, तेवढाच धरतात. तीस दिवस तुम्ही सांभाळून चालवलंत आणि एका संध्याकाळी सगळं एकदम लावलंत, तर आकार त्या संध्याकाळचाच लागणार. सातला सूर्य काय देणार?"

जूनच्या नोंदीतही तसाच एक अर्धा तास होता, वीस तारखेला दुपारी दोन ते अडीचचा. त्या दिवशी ढगांनी काळोखी आली होती आणि दोन्ही यंत्रं नेहमीसारखी चालू राहिली होती. तेवढ्यानं एकशे दहा.

आबांना ढगाचं पटलं. पण ती सतरा तारीख त्यांना सोडेना. संध्याकाळी सातला कारखाना चालतोच कुठं? गेणबा चारला कांड्यांचं यंत्र बंद करतो, पाचपर्यंत पोती शिवून माणसं घरी जातात. मग सातला दोन्ही यंत्रं कुणी लावली? परत येताना त्यांच्या डोक्यात आता गेणबा घुमायला लागला. माझ्या माघारी बाहेरच्या लोकांचा मका दळून देतोय की काय? वीस वर्षांचा माणूस, पण माणसाचं काय सांगता येतंय?

कारखान्यात पोचल्या-पोचल्या त्यांनी गेणबाला हाक मारली आणि कामाची वही घेऊन यायला सांगितलं. आवाजावरून गेणबा काय ते समजला असावा. त्यानं वही आणली पण ती उघडली नाही, छातीशी धरून उभा राहिला.

"सतरा मेला सांजच्याला कुणाचा माल काढला?" आबांनी विचारलं.

"आपलाच की, आबा."

"सात वाजता?"

"व्हय. त्या दिशी लाइनीचं काम होतं, बारापासनं पाचपस्तोर वीज न्हवती. लाइन गेली की ती पॅनेलंबी बंदच पडत्यात, वर ऊन असू द्या न्हायतर नसू द्या. तुमी इंदापुरात लग्नाला गेला हुता. मी फोन केला की माल अर्धाच झालाय, उद्या काढू का. तर तुमी म्हनला, सकाळी गाडी भरली पायजे, दोन्ही मशिनी लाव, कायबी कर, पर माल काढ."

आबांना ते सगळं लख्ख आठवलं. मांडवात बँड वाजत होता, एक बोट कानात घालून ते फोनवर ओरडले होते. फोन ठेवल्यावर शेजारच्या पाहुण्याला म्हणालेही होते की आपण नसलो की कारखाना हलत नाही.

गेणबानं वही उघडून त्यांच्यापुढं धरली. माल, पोती, वेळ, सगळं लिहिलेलं होतं. खाली त्याच्या वाकड्या अक्षरात 'आबांच्या सांगण्यावरून' असंही होतं. आबांनी वही हातात घेतली नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जा, काम बघ." गेणबा गेला. त्याच्याशी याहून जास्त बोलायला आबांना दोन दिवस लागले.

रविवारी रविराज आला. आबांनी त्याला छपराचं, वायरमनचं, मनात आलेलं सगळं सांगून टाकलं. रविराजही खाली मान घालून म्हणाला, "मला म्हाईत होतं, आबा. सोलरनं युनिटं हमखास कमी होत्यात, मागणी आपोआप न्हाय. पन ते सांगितलं असतं तर तुमी करार केला नसता, असं वाटलं." वृषाली तिथंच होती. भावाला ती म्हणाली, "तू हे आधीच सांगायला पाहिजे होतंस," आणि उठून आत गेली.

पुढं काय करायचं ते तिनंच ठरवलं. आभाळ स्वच्छ असेल तर साडेदहा ते साडेतीन दोन्ही यंत्रं एकदम. बाकीच्या वेळी आधी दळून साठवायचं, मग कांड्या पाडायच्या. पाच मिनिटांच्या ढगाला भ्यायचं कारण नाही, कारण मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतो, पण ढग बसला असं दिसलं की गेणबानं एक यंत्र थांबवायचं. दादासाहेबला पुन्हा बोलावून तिनं अशी जोडणी करून घेतली की एक यंत्र चालू असताना दुसरं सुरूच होऊ नये. दोन्ही लावायची तर एक किल्ली फिरवावी लागे, आणि ती किल्ली वृषालीकडं. आबांनी दादासाहेबला त्या दिवशी जेवायला थांबवून घेतलं.

ऑगस्ट सगळा ढगाळ गेला. काम रेंगाळलं, दोनदा गाड्या उशिरा निघाल्या, एका गवळ्यानं आबांना फोन करून ऐकवलंही. पण त्या महिन्याच्या बिलात मागणी शहात्तर आली. वीज कंपनीशी मागणीचा करार एकशे पंचवीसचा होता, तो लगेच कमी करून टाकू म्हणून आबा उतावीळ झाले. स्वरूपा मॅडमनी अडवलं. वर्षभर बघा, म्हणाल्या, एखाद्या महिन्यात कराराच्या वर गेलात तर दंड लागतो.

त्या संध्याकाळी आबांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सोलरची फाइल जागेवर ठेवली. किल्ली वृषालीच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."

"मला एकटीला बोलला असतात तर चाललं असतं, आबा," ती म्हणाली. "गेणबामामांच्या समोर बोललात."

आबा दारापर्यंत गेले. बाहेर गेणबा पोती शिवत बसला होता. त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि तो बसेपर्यंत स्वतः उभे राहिले.