सेजलची पहिली बॅट

"मावशे, माझो हातच वाईट आसा," सेजल म्हणाली आणि बॅट कव्हरात घालून तिने विनोदिनीपुढे ठेवली. "तुझी एवढी भारी बॅट फुकट गेली."

साखळी गावातल्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये बाकीची मुलं खेळत होती. विनोदिनीला वर बघवेना.

कधीकाळी ती स्वतः राज्याकडून खेळली होती. बहिणीच्या मुलीने टेबल टेनिस शिकायचं म्हटलं तेव्हा म्हापशाच्या दुकानात तिनेच नेलं. दुकानदार बाबाजींनी स्टिगाचं पाच थरांचं, नुसत्या लाकडाचं ऑलराउंड ब्लेड, म्हणजे बॅटची फळी, काढलं होतं. त्यावर यासाकाचं मार्क फाइव्ह रबर, तेही पातळ स्पंजचं. "नवख्या हाताला हेच बरं. चेंडू टेबलावर राहायला हवा. आणि सरावाला साधे प्लास्टिकचे चाळीस-प्लस मापाचे चेंडू डझनभर न्या, तीन स्टारवाले महाग, ते सामन्याला."

"मी खेळलेय हो," विनोदिनी म्हणाली होती आणि बटरफ्लायच्या वेगवान कार्बन ब्लेडकडे बोट दाखवलं होतं. वर जाड स्पंजचं टेनर्जी रबर. तरुणपणी तिला परवडली नव्हती ती बॅट. चेंडूही तिने तीन स्टारचे घेतले, तेही मोजकेच.

मग सेजलचा चेंडू रोज टेबलापलीकडे जाऊ लागला. नुसता अडवला तरी उडायचा. समोरच्याची फिरकी रबर असं पकडायचं की मनगट गोंधळून जायचं. चेंडू थोडे, त्यामुळे अर्धा वेळ वेचण्यात. पोरं हसायची आणि सेजल रडायची. दोष बॅटचा आहे हे विनोदिनीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण बॅट बदलायची म्हणजे आपलं चुकलं म्हणायचं. "मनगट सैल सोड," एवढंच ती सांगत राहिली.

सेजलने बॅट परत केली ती संध्याकाळ तिने कशीबशी काढली. दुसऱ्या सकाळी बाबाजींकडे गेली. त्यांनी तेच लाकडी ब्लेड काढलं, रबर चिकटवून कडेने कापलं आणि चेंडूंचा डबा पुढे केला.

सेजल नको म्हणत होती. विनोदिनीने नवी बॅट देऊन तिला टेबलापाशी उभं केलं आणि हळू चेंडू टाकला. सेजलने परतवला तो जाळीवरून पलीकडे गेला आणि टेबलावर पडला. पुढचाही. काही जाळीत अडकले, पण उडाला एकही नाही.

सेजल थांबली. हातातली बॅट उलटीसुलटी करून बघू लागली.

"म्हणजे माझो हात नव्हतो?"

"नाही गो. बॅट चुकीची होती. माझ्या हौसेची घेतली मी."

"तुका ठाऊक होतां?"

"होतं."

"मग मी रडत होते तेव्हा सांगितलंस कसां नाय?"

"लाज वाटली," विनोदिनी म्हणाली.

सेजल मान वर न करता टेबलाच्या आपल्या बाजूला गेली. "टाक," ती म्हणाली. आवाजात राग होता. विनोदिनीने चेंडू टाकला.