चौथी बाजू

पथनाट्यवाल्यांचा एक हट्ट असतो: पाठ कुणाला दाखवायची नाही. प्रेक्षक चहूकडून गोल करून उभे, म्हणून महत्त्वाचं वाक्य चारदा म्हणायचं, दर वेळी वेगळ्या दिशेला तोंड करून. चिकपेटमागच्या वस्तीत दयानंद अण्णांच्या मंडळींनी क्षयरोगावरचं कानडी पथनाट्य अशा रीतीने शंभरेक वेळा केलं होतं. आता दवाखान्यांत औषधासाठी ताटकळणाऱ्या लोकांना दाखवायला त्याची फिल्म करायची होती, आणि ते काम पुण्याहून येऊन एचएसआर लेआउटमध्ये राहिलेल्या प्रणिताकडे आलं.

पहिल्या तालमीत तिने तीन कॅमेरे मैदानाच्या तीन बाजूंना लावून पाहिले आणि कपाळाला हात लावला. नट गरागरा फिरत होते, आणि एका कॅमेऱ्यात दुसरा कॅमेरा दिसत होता. शॉट जोडून बघावेत, तर आत्ता डावीकडे बघणारा नवरा पुढच्या क्षणी उजवीकडे, जणू बायकोवर रुसून बसलेला. तिने अण्णांना समजावलं की तिन्ही कॅमेरे एकाच बाजूला राहतील, प्रेक्षक उरलेल्या तीन बाजूंना बसतील आणि वाक्य एकदाच म्हणायचं. चौथी बाजू आमची, तिकडे कुणी जायचं नाही आणि भिंगात बघायचं नाही. अण्णा सरी सरी म्हणत कबूल झाले खरे, पण तोंड कडू झालं होतं.

शेवट मात्र तिने जसाच्या तसा ठेवला, कारण नाटकाचा जीव तिथेच होता. रुग्णाची भूमिका करणारी यल्लव्वा स्वतः क्षयातून उठलेली. उपचार पूर्ण होऊन दोन वर्षं झालेली. शेवटी ती पेल्यातलं घोटभर पाणी स्वतः पिते, मग तोच पेला प्रेक्षकांपुढे धरून विचारते, कोण पिणार? क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो, उष्ट्या पेल्यातून नाही, हे तोवर नाटकात सांगून झालेलं असतं. दर प्रयोगात कुणीतरी पुढे येऊन प्यालेलं होतं. अण्णांनी एकच अट घातली: पिणारा आपण आधी पेरलेला माणूस नको. प्रणितालाही ते पटलं.

शनिवारी सकाळी तिन्ही कॅमेरे सुरू झाले. मधोमध उभं राहून प्रणिताच्या कॅमेरामनने, शुभंकरने, एकदा टाळी वाजवली, म्हणजे नंतर तिन्हींचं चित्रण त्या टाळीवर जुळवता येईल. मग तो डावीकडच्या कॅमेऱ्यामागे गेला. यल्लव्वाच्या हातातला पेला काही झालं तरी फ्रेममधून सोडायचा नाही, एवढंच त्याला सांगितलं होतं.

नाटक छान झालं. यल्लव्वा पाणी प्यायली, तिने पेला पुढे धरला. पहिली बाजू गप्प. दुसऱ्या बाजूच्या एका बाईने कॅमेऱ्याकडे पाहून पदर ओढून घेतला. रोज पुढे येणारी माणसं आज चित्रात अडकायच्या भीतीने खिळून बसली होती. तिसऱ्या बाजूनेही माना खाली घातल्या. यल्लव्वा क्षणभर थांबली आणि सवयीप्रमाणे चौथ्या बाजूला वळली. सरळ चालत कॅमेऱ्यांशेजारी उभ्या प्रणितापुढे आली आणि पेला धरला.

प्रणिताला सगळं ठाऊक होतं. नाटकातलं एकेक वाक्य तिने स्वतः डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं. तरी हात उचलेना. पेल्याच्या कडेवर ओठांचा ओला ठसा होता आणि तिला तेवढाच दिसत होता. मग लाजच तिला पुढे ढकलून गेली. ती प्यायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संकलनाच्या वेळी तिने आपलं थबकणं मोजलं: अकरा सेकंद. शुभंकरने इमानाने पेला सोडला नव्हता, त्यामुळे पेल्यामागचा तिचा चेहरा पुरा सापडला होता. शुभंकर म्हणाला, सोपं आहे, मध्ये दुसऱ्या कॅमेऱ्यातली माणसं दाखवू, मग थेट तू पितेस, कुणाला कळणारही नाही. तीन कॅमेरे असण्याचा फायदाच तो. त्याने तसं जोडून दाखवलं. त्यात ती किती धीट दिसत होती. ते ठेवावं असं तिला फार वाटलं, आणि म्हणूनच ती दोन्ही रूपं लॅपटॉपवर घेऊन यल्लव्वाकडे गेली.

यल्लव्वाने दोन्ही शांतपणे पाहिली.

"अक्का, माफ करा," प्रणिता म्हणाली. "मला कळत होतं, तरी हात पुढे येईना. कुठलं ठेवू?"

"लांबडं ठेवा की," यल्लव्वा म्हणाली. "दवाखान्यात बसलेल्या माणसाला पण असंच होतंय. त्याला दिसू दे, थांबून पण पिता येतं म्हणून."

प्रणिताने मान हलवली.

"आणि तुम्ही स्वल्पच थांबला, बाई," यल्लव्वा लॅपटॉप मिटत म्हणाली. "माझ्या सख्ख्या बहिणीनं अजून माझ्या घरचं पाणी घेतलं नाही."