कंपनी से राजीनामा

माझ्या नवऱ्याला हिंदी येत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. धारच्या हाटात भाजीवालीला म्हणाले, "ये वांगी कैसे दिया?" ती बिचारी बघतच राहिली. मी हसून हसून बेजार. माणूस धुळ्याकडचा, शाळा सगळी मराठी, पोटासाठी इकडे मध्य प्रदेशात, पीथमपुरात आलेला. मी देवासची. आमच्या चार पिढ्या इकडेच, शाळा हिंदी. घरात मराठी बोलतो खरं, पण त्यातली निम्मी माळव्याची. हे मला चिडवायचे, "तुमची मराठी म्हणजे पोह्यात शेव." मी म्हणायची, "आणि तुमची हिंदी म्हणजे नुसतेच खडे."

तेव्हा हसलो. पुढे त्याच हिंदीने माझं माहेर तोडलं, तेव्हा कुणाला हसायचं?

सगळं सरळ सांगते, नाहीतर माझं डोकं फिरतं आणि मी भलतीकडेच जाते.

माझा थोरला भाऊ मानाजी. दादा म्हणते मी त्याला. दादा पीथमपुरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, त्यानेच यांना तिथे लावलं. दोघं एकाच पाळीत. एका मोठ्या मोटरवर जास्त भार यायचा, की तिचा रिले तिला बंद करायचा. त्याचं कामच ते, मोटर जळू नये म्हणून. पण काम थांबतं म्हणून सुपरवायझर वैतागला आणि म्हणाला, "बायपास कर दो." म्हणजे रिलेला बाजूला सारून तार सरळ जोडा. दादा नाही म्हणाला, हेही नाही म्हणाले. तो ओरडला, नोकरीची धमकी दिली. शेवटी दादाने जोडली. व्हायचं तेच झालं, तार तापली आणि मोटरचं पॅनल जळून कोळसा. सुपरवायझरने हात वर केले. हुकूम तोंडी होता ना! दादाला काढून टाकलं, वर कागदावर निष्काळजीपणाचा ठपका. असला ठपका घेऊन पीथमपुरात दुसरीकडे कोण उभं करणार? दादा वहिनीला घेऊन देवासला परतला.

तो हुकूम ऐकणारे फक्त हे. दादाने आणि यांनी मिळून इंदूरच्या लेबर ऑफिसात अर्ज दिला. दादाची सगळी आशा या एका माणसाच्या तोंडावर होती.

त्या वर्षांत आमच्याकडे लाईटचे भयंकर हाल. यांना तेव्हापासून सोलरचं वेड लागलं. धारजवळच्या नालछ्याच्या पुढे कितीतरी पाड्यांत तर खांबच नव्हते. सुट्टीच्या दिवशी दादा देवासहून यायचा, आणि दोघं एक जुनं सोलर पॅनल घेऊन आमच्या गच्चीवर बसायचे. दक्षिणेकडे तोंड करायचं, तिरकं किती ठेवायचं, बॅटरी भरली की चार्जिंग तोडणारा डबा कसा जोडायचा. मी चहा घेऊन गेले तरी दोघांचं लक्ष नाही. दादा म्हणायचा, "मारुतराव, माझं नाव साफ होऊ द्या. मग आपण दोघं धंदा करू." नोकरी गेल्यावर तेवढ्यापुरताच तो हसायचा.

मग कंपनीत यांच्या कानावर घालण्यात आलं की साक्ष दिलीस तर तुझंही तेच होईल. हे घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जानकी, मी नोकरी सोडतो. सोडली की मला कुणाचं भय? छाती काढून साक्ष देतो. आणि सोलर तर काढायचंच आहे."

"दादाला विचारा आधी."

"नाही विचारायचं. ते म्हणतील, लागलेली नोकरी माझ्यापायी सोडू नका. तारखेच्या दिवशीच सांगतो त्यांना. तुझ्या पोटात राहू दे."

राहू दिलं. चांगल्या मनाने चाललं होतं सगळं, म्हणूनच तर जीव जळतो माझा.

अर्ज यांनी स्वतः लिहिला. कंपनीत, टाइमकीपरच्या टेबलावर बसून. मोठ्या अभिमानाने, हिंदीत! मला दाखवला असता तर? पण माणसाला वाटतं, आपल्याला येतं. लिहिलं ते असं:

"श्रीमान मैनेजर साहब, मैं अपनी खुशी से कंपनी से राजीनामा दे रहा हूं। मुझे सोलर का खुद का धंधा करना है। एक महीने का नोटिस समझें। कंपनी से मेरी कोई शिकायत नहीं।"

शेवटची ओळ टाइमकीपरने घालायला लावली, पीएफचे कागद लवकर सुटतात म्हणून. महिना भरला, निरोप झाला. यांनी धारला एक गाळा घेतला आणि पाटी रंगवून आणली, "मानाजी-मारुती सोलर". दादाचं नाव आधी. फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

तारखेच्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून इंदूरला गेले. संध्याकाळी परतले ते गालावर वळ घेऊन. माझ्या दादाने मारलं होतं. लेबर ऑफिसच्या पायरीवर, चारचौघांत.

झालं काय, ते शब्दाला शब्द मला फार पुढे कळलं. दादा पायरीवरच उभा होता. त्याने विचारलं, "मारुतराव, दिलात राजीनामा?" यांना वाटलं, कळलं वाटतं कुठून. खुशीत म्हणाले, "दिला दादा! मोकळा झालो एकदाचा. आता बघा, पाटीसुद्धा केलीय." आणि फाडकन बसली.

हे मला म्हणाले, "नोकरी सोडली म्हणून एवढे चिडले गं. मला वाटलं होतं खूश होतील." डोळ्यात पाणी. त्यांना साक्षही देता आली नाही. दादाने आदल्या दिवशीच कंपनीत जाऊन आपली बाजू मिटवून टाकली होती. पॅनल माझ्याच चुकीने जळलं, असं लिहून सही दिली होती; त्या दिवशी तो फक्त अर्ज मागे घ्यायला आला होता.

मी देवासला गेले. दादाने दार उघडलं नाही. खिडकीतून वहिनी म्हणाली, "वन्सं, जा तुम्ही. तुमच्या ह्यांनी काय केलं ते त्यांनाच विचारा." मी यांना विचारलं. हे म्हणाले, "नोकरी सोडली, दुसरं काय केलं मी?" मलाही राग आला. म्हटलं, नोकरी सोडली तर हात उगारतो? माझ्या नवऱ्यावर? राहा मग तुझ्या घरी! पण भाऊबीजेला ताट करायची. दर वर्षी. निरांजन लावायचं, आणि ते विझलं की ताट उचलून ठेवायचं.

धंदा मात्र चालला. पाटी लावली, तशीच. यांनी दादाचं नाव पुसू दिलं नाही. गिऱ्हाईक पाटीवरचं पहिलं नाव वाचणार, म्हणून नालछ्याकडे सगळे यांनाच "मानाजी भिया", म्हणजे मानाजीभाऊ, म्हणायला लागले. हे कुणाला सुधारत नसत.

अशी चार वर्षं गेली. एकदा हे नालछ्याजवळच्या पाड्यात गेले होते. एकाच्या घरावर बसवलेलं पॅनल बॅटरी भरत नव्हतं, कारण शेजाऱ्याच्या कडुलिंबाची फांदी वाढून दुपारची सावली त्यावर पडायची. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळी वीज घसरते. पॅनलवाला म्हणे फांदी तोड, शेजारी म्हणे तुझं पॅनल हलव. लाठ्या निघायच्या बेतात. सरपंच मध्ये पडला आणि म्हणाला, "अरे भिया, दोई जणा राजीनामो कर लो!"

हे वर छपरावर. हसून म्हणाले, "राजीनामा? इनकी कौन सी नौकरी है?"

खाली सगळे हसले. सरपंच म्हणाला, "नौकरी को नी, भिया. राजीनामो, मतलब समझौतो. कोरट में कैस मिटावे नी, वो."

हे काम तसंच टाकून शिडी उतरले.

घरी आले, पाणी घेतलं नाही. दारातच विचारलं, "जानकी, तुमच्याकडे राजीनामा म्हणजे काय?"

"म्हणजे? तडजोड. कोर्टात दोन पार्ट्यांनी मिटवून टाकायचं." बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. "का हो?"

"आणि नोकरी सोडायचा कागद?"

"इस्तीफा. तुम्ही... तुम्ही काय लिहिलं होतं?"

तेव्हा त्यांनी त्या चार ओळी मला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. कंपनी से राजीनामा, म्हणजे कंपनीशी तडजोड. कंपनी से कोई शिकायत नहीं. सोलर का धंधा करना है. अरे देवा! हिंदी शाळेत शिकलेला माझा दादा ते वाचून दुसरं काय समजणार? माझा बहनोई, सख्ख्या बहिणीचा नवरा, कंपनीला जाऊन मिळाला, आणि त्या बदल्यात पैसे घेऊन, नोकरी सोडून धंदा काढतोय!

दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून आम्ही देवासला. या वेळी मी दार इतकं ठोकलं की शेजारपाजार बाहेर आला. वहिनीने उघडलं. दादा आत खाटेवर होता. केस सगळे पांढरे. एका शाळेत रखवालदार झाला होता, तोच खाकी शर्ट अंगात.

हे त्याच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. माझ्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, दादा. तुमच्यासाठी सोडली. साक्ष द्यायला आलो होतो.

दादा खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "कंपनीच्या पर्सनल ऑफिसातला तो बाबू मला बोलावून, कागद पुढे करून म्हणाला होता, खुद पढ़ लो, तुम्हारे बहनोई का राजीनामा है. मी वाचलं. अक्षर तुमचंच. म्हटलं, घरचाच माणूस मिळाला तर कुणासाठी लढू? दिली सही."

"दादा, आता तरी चला. पाटीवर तुमचं नाव आहे. चार वर्षं आहे."

"मी तारेला हात लावत नाही आता, मारुतराव."

"दादा, चूक तुझी नव्हती!" मी ओरडले. "त्या मेल्या सुपरवायझरने—"

"जानके, मी लिहून दिलं ना, माझ्या चुकीने जळलं. आधी खोटं वाटायचं. मग रोज रात्री शाळेच्या फाटकाशी बसून तेच आठवायचं. जोडली तर मीच होती ना तार? आता मला खरंच वाटतं." त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यावरच्या रागावर तरी मी उभा होतो. हे सांगायला आला नसतात तर बरं झालं असतं."

वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती. मी भाऊबीजेची वाट बघितली नाही. तिच्याकडून कुंकू मागून घेतलं, दादाच्या कपाळाला लावलं, निरांजन ओवाळलं. त्याने मान वाकवून लावून घेतलं. हातात ओवाळणी टाकली. आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून टोपी घालून निघून गेला.

त्यानंतर आमचं येणं-जाणं आहे. दादा धारला येतो, जेवतो, पोरांशी बोलतो. गाळ्यावर मात्र येत नाही. नालछ्याचं कुणी गिऱ्हाईक घरी आलं आणि "मानाजी भिया है क्या?" म्हणून विचारलं, तर दादा मान खाली घालून जेवत राहतो, आणि हे ताटावरून उठून ओ देतात.