बसलेली गाडी

सकाळी यार्डात आल्या आल्या माझं पहिलं काम म्हणजे त्या काळ्या गाडीचं इंजिन सुरू करणं. तेही गिऱ्हाईक यायच्या आत. रात्रभर उभी राहिली की ती पुढच्या डाव्या बाजूला खाली बसते. साध्या स्प्रिंगांच्या जागी तिला हवेचे फुगे आहेत आणि त्यातला एक हळूहळू हवा सोडतो. इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर घरघरत हवा भरतो आणि थोड्या वेळात बाईसाहेब पुन्हा तोऱ्यात उभ्या. जुन्या गाड्यांच्या धंद्यात याला लबाडी म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.

त्या दिवशी मी मुद्दाम तयारी केली नाही. येणारं गिऱ्हाईक माझा सख्खा धाकटा भाऊ होता, पिंट्या.

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ती पिंट्याकडे राहते, तोच नेतो-आणतो. त्याची जुनी गाडी भर रस्त्यात कायमची आडवी झाली, तेव्हा आईनं तिची ठेव मोडली आणि म्हणाली, घ्या काय घ्यायची ती. त्या पैशांत एक मध्यम, साधी, नवी कोरी गाडी येत होती. तेवढ्याच पैशांत आमच्या यार्डातली ही काळी, दहा वर्षांची, एके काळची राजेशाही गाडीही येत होती. आता सांगा, ज्या घरात एक खेप चुकली तर आईच्या अंगावर सूज चढते आणि तिला धाप लागते, त्या घरानं कुठली गाडी घ्यावी? पण पिंट्याला एकदा का भूत लागलं की लागलं.

दोघं आले. आई हळूहळू चालत, पिंट्या जवळजवळ पळत. म्हटलं, आता बघेल आणि उतरेल डोक्यातलं खूळ. तो खाली वाकून बघतो काय, आणि म्हणतो काय!

"आईशप्पथ! काय खाली बसलीय! रेसच्या गाडीसारखी!"

मी कपाळावर हात मारला.

"अरे मूर्खा, ती बसलेली नाही, खचलेली आहे. फुगा फुटत आलाय. एक बदलला की दुसऱ्याचाही नंबर लागतो. दिवसरात्र हवा भरून भरून कॉम्प्रेसर जळतो, तो वेगळाच."

"मग बदलून घेऊ. त्यात काय एवढं?"

"त्यात काय? पिंट्या, नीट ऐक. ही गाडी जुनी झाली म्हणून स्वस्त झाली. हिचे पार्ट नाही झाले. पार्ट आजही त्या महागड्या गाडीचेच, त्याच भावाचे. दिवा फुटला तर अख्खा दिवाच बदलायचा. टायर एवढे मोठे की चार घेताना घाम फुटेल. गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं नसतं असं पुस्तकात लिहिलंय म्हणून आधीच्या मालकानं बदललेलं नाही, आणि आता गिअर झटके देतोय. आणि एखादा पार्ट बाहेरून मागवायचा झाला तर गाडी गॅरेजात महिनाभर पडून. तोवर आईला काय खांद्यावर नेणार?"

"आणि तुझी ती नवी? शोरूमच्या बाहेर काढली की तिची किंमत पडते. यूट्यूबवर पाहिलंय मी."

"पडते ना! कोण नाही म्हणतंय? वर तो शोरूमवाला कोटिंग आणि कव्हरं गळ्यात मारेल, ते नको म्हणायचं. पण तुला ती विकायचीय का वापरायचीय? पहिली काही वर्षं वॉरंटी असते. बिघडली तर कंपनी बघेल. सर्व्हिसला काय लागणार ते आधीच ठाऊक असतं. हिचं काय लागणार ते देवालाही ठाऊक नाही."

काचेच्या केबिनमधून शेठ माझ्याकडे असे बघत होते जसं काही मी त्यांच्या ताटातला घास उचलला. चार महिने ही गाडी यार्डात पडून होती. हिच्यावर माझं कमिशनही बरं होतं. ते सगळं मी माझ्या हातानं घालवत होते, आणि कोणासाठी? तर या गाढवासाठी!

"ताई, तू ना, सगळ्यात खोट काढतेस," पिंट्या म्हणाला. "शेठ म्हणाले गाडी एक नंबर आहे."

"शेठना विकायचीय रे ती!"

"तुलाही विकायचंच असतं की सगळं."

तेवढ्यात आई दार उघडून आत बसली. सीटवर हात फिरवला, मान मागे टेकली.

"पाठीला बरं वाटतं गं इथे," ती म्हणाली. "घेऊ दे त्याला. तू उगाच आडवी नको जाऊस."

माझे डोळे भरून आले, रागानं. गाडीतून परत उतरताना तिला पिंट्यानं दोन्ही हातांनी ओढून उभं केलं, एवढी गाडी खाली बसली होती. तेही दोघांनी हसण्यावारी नेलं. शेठ बुकिंगची पावती घेऊन बाहेर आले.

त्याच वेळी फाटकातून एक नवी मध्यम गाडी आत शिरली. मी पिंट्याला सांगत होते, हुबेहूब तीच. आतून दातांचे डॉक्टर उतरले, काळ्या गाडीचे आधीचे मालक. दुसरी किल्ली घरी सापडली म्हणून द्यायला आले होते. पिंट्यानं त्यांना गाठलंच.

"डॉक्टर, तुमची गाडी घेतोय! कशी आहे?"

शेठ पावतीचं पुस्तक हलवत मध्ये पडायला बघत होते. डॉक्टर मोकळेपणानं हसले.

"चालवायला स्वर्ग आहे हो. पण मी विकली ती उगाच नाही. गाडी स्वस्तात मिळते, पार्ट महागातलेच राहतात. शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे कमी आणि गॅरेजात जास्त होती. रोज वेळेवर कुठे पोचायचं असेल तर नका घेऊ. मी बघा, ही घेतली."

पिंट्या गंभीर झाला. मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ऐकलंस? पार्ट महागातलेच राहतात!"

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. ती फेकून मारली नाही एवढंच.

पिंट्यानं त्याच आठवड्यात नवी गाडी बुक केली. शेठनी दोन दिवस मला चहा विचारला नाही. पिंट्यानं घराच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, जुनी महागडी घ्यावी की नवी साधी, मुद्देसूद. मामा म्हणाले, केवढा अभ्यास केलास रे! मीही शाबासकीचा अंगठा टाकला. काय करणार?

गाडी आल्यावर पहिल्याच डायलिसिसच्या सकाळी मीही सोबत गेले. गाडी किल्ली फिरवताच सुरू झाली. आई पुढे, मी मागे. सिग्नलला थांबल्यावर पिंट्या आरशातून मला समजावायला लागला. "ताई, तुझ्या धंद्यात उपयोगी पडेल म्हणून सांगतो. खरा खर्च गाडीचा नसतो, नंतरचा असतो."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर सिग्नलवरचे लोक जमले असते.

"पिंट्या," आई म्हणाली, "हे तिनं तुला यार्डात सांगितलं तेव्हा कानात बोळे होते का?"

"तसं नाही गं. ताईचं वेगळं, ती विकणारी. विकणाऱ्याचं कोण खरं मानतं?"

"अरे, पण ती विकत कुठे होती? नको घेऊस म्हणत होती. स्वतःचं नुकसान करून."

सिग्नल सुटला तरी पिंट्यानं गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजला तेव्हा कुठे हलवली.

"आणि मी तरी कुठे ऐकलं तिचं," आई म्हणाली. तिला मान मागे वळवता येत नव्हती, म्हणून तिनं हात सीटच्या बाजूनं मागे केला. सुयांनी काळानिळा पडलेला तो हात मी धरला. राग गेला नव्हता. तरी हॉस्पिटल येईपर्यंत मी तो सोडला नाही.