एकशे सदतीसचं उत्तर

हिंगोलीच्या बसस्टँडसमोर, बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर सातव सरांचा भरती परीक्षांसाठीचा मराठीचा क्लास होता. बाकीचे विषय ते शिकवत नसत. गणिताला माणूस फसवता येत नाही, मराठीत मात्र चारही पर्याय माणसाला फसवायला बसलेले असतात, असं ते म्हणत. आणि जग कसं आहे, हे सांगायलाही त्यांना हेच वाक्य पुरत असे.

शिकवायचे मात्र झकास. समानार्थी शब्दांच्या तासाला पोरं जिन्यातही बसत. "अर्थ आठवू नका," सर म्हणायचे, "शब्द वाक्यात घाला. मग एकेक पर्याय त्याच्या जागी बसवून बघा. जो खुपत नाही, तो उत्तर. आता सांगा, 'क्षणभंगुर'च्या विरुद्ध काय? पर्याय बघा. दीर्घ, चिरंजीव, शाश्वत, विपुल." कोणीतरी 'चिरंजीव' म्हणे. "माणूस चिरंजीव होतो रे. सुख चिरंजीव होतं का? घाल वाक्यात. आणि दीर्घ म्हणजे नुसतं लांब. लांब असलं तरी संपतंच. राहिलं काय?" साठ पोरं एका आवाजात ओरडत, "शाश्वत!"

सरांची सगळी कमाई म्हणजे त्यांची पाचशे प्रश्नांची पुस्तिका. फक्त क्लासच्या मुलांना मिळे. प्रत्येक प्रतीवर मुलाचं नाव आणि क्रमांक, आणि दुसऱ्याची प्रत उघडायची नाही असा कडक नियम. पंधरा वर्षं वेचून गोळा केलेले प्रश्न, असं ते सांगत, आणि सांगता सांगता त्यांचं स्वतःचंही तसंच मत झालं होतं.

तर एका उन्हाळ्यात, पलीकडच्या गल्लीतल्या बेंगाळ सरांच्या क्लासची सराव परीक्षा कोणीतरी सातव सरांना दाखवली. सरांनी ती वाचली आणि हातातला चहा तसाच ठेवला. नऊ प्रश्न त्यांच्या पुस्तिकेतले. शब्द तेच, पर्याय तेच, पर्यायांचा क्रमसुद्धा तोच.

"घरभेदी," ते बायकोला म्हणाले. "आपल्यातलंच कोणीतरी आहे."

"जाऊ द्या हो. शब्द काय तुमच्या बापाचे आहेत का?" बायको म्हणाली. सर त्या दिवशी तिच्याशीही नीट बोलले नाहीत.

संशयाचं एक असतं, त्याला जागा दिली की तो पाहुण्यासारखा बसत नाही, बिऱ्हाडच मांडतो. सरांनी रात्रंदिवस विचार करून तीन नावं काढली. एक सोमनाथ, कारण त्याचा आतेभाऊ बेंगाळांकडे होता. दुसरी रेणुका, कारण ती हसायची फार. आणि तिसरी कावेरी पुंडगे. कावेरीचं नाव काढल्यावर बाकीची दोन नावं उगाच वाटू लागली. कारण कावेरी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दिवसभर मशीन हाताखाली! सकाळी सातला क्लास, नऊपासून दुकान, आणि संध्याकाळी अभ्यासिका. सरळसेवा भरतीचा तिचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्या रांगेत बसायची आणि सरांचं प्रत्येक वाक्य लिहून घ्यायची. आजवर सरांना त्याचं कौतुक होतं. आता ते मनात म्हणू लागले, एवढं लिहून घेते कोणासाठी?

नवी आवृत्ती निघाली तेव्हा सरांनी सापळा लावला. टायपिंगवाल्यावरही भरवसा नव्हता, म्हणून स्वतःच एका बोटाने टाइप करत बसले. तिघांच्या प्रतींमध्ये मागच्या उत्तरसूचीत एकेक उत्तर मुद्दाम चुकवलं, प्रत्येकाचं वेगळं. जे चुकीचं उत्तर बेंगाळांकडे उगवेल, त्या प्रतीचा मालक चोर. पंधरा दिवसांनी प्रती परत मागवून दुरुस्त करायच्या, म्हणजे कोणाचं नुकसान नको. इतपत न्याय त्यांच्या मनात होता.

कावेरीच्या वाट्याला एकशे सदतीस आला. 'असूया' या शब्दाचा सर्वांत जवळचा अर्थ कोणता? राग, मत्सर, द्वेष, तिरस्कार. उत्तर मत्सर, म्हणजे दोन. कावेरीच्या प्रतीत सरांनी छापलं तीन, द्वेष.

वर्गात प्रश्न सोडवताना सरांनी एकशे सदतीस गाळला. लगेच पहिल्या रांगेतून हात वर.

"सर, एकशे सदतीस राहिला."

"सोपाय. घरी करा."

"नाही सर, मला जरा त्यात..."

"कावेरी, घरी कर म्हटलं ना!"

ती खाली बसली. सर एकशे अडतीसकडे वळले, पण मनात आलं, नेमका हाच का विचारते? पोरीला वास लागला वाटतं.

बाराव्या दिवशी बेंगाळांची नवी सराव परीक्षा बाहेर पडली. सोमनाथ आणि रेणुकाचे प्रश्न तिच्यात नव्हते. 'असूया' होता, आणि त्याचं उत्तर होतं मत्सर. बरोबर.

आता कोणीही म्हणेल, पोरगी सुटली. तिच्या प्रतीतून गेला असता तर द्वेष उगवला असता. पण सरांचं डोकं त्या दिवसांत सरळ चालायचं विसरलं होतं. सापळा ओळखला हिने, ते म्हणाले. दुरुस्त करून दिला. केवढी पाताळयंत्री! त्यांनी सोमनाथ आणि रेणुकाच्या प्रती मागवून उत्तरं नीट केली. कावेरीची मागवली नाही. मागवली तर ती सावध होईल. अजून एखादा पुरावा हाती लागू दे, मग चारचौघांत उभी करतो.

मग भरतीची तारीख जाहीर झाली, क्लास दुप्पट भरला, आणि एकशे सदतीस सरांच्या डोक्यातून गेला तो गेलाच.

परीक्षा झाली. संगणकावर, एकाच दिवशी. शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. आठवड्याने पहिली उत्तरतालिका आली आणि हरकती घ्यायला तीन दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच खिचडी खात बसले होते, तेव्हा कावेरी जिना चढून वर आली. हातात पुस्तिका, चेहरा घामेजलेला.

"सर, जेवून घ्या. मी थांबते."

"बोल, काय काढलंस?"

"एकशे सहासष्ट होऊ लागलेत, सर. सगळे म्हणायलेत, आपली यादी एकशे अडुसष्टला बंद होणार. फक्त एक प्रश्न. मी हरकत टाकायलेय. पाच वाजेपर्यंत मुदत आहे." तिने पुस्तिका उघडून त्यांच्यासमोर ठेवली. "असूया. त्यांनी मत्सर धरलंय. तुमच्याकडं द्वेष आहे."

सरांचा घास तोंडातच राहिला.

"हरकतीला नुसतं क्लासचं पुस्तक चालत नाही ना," कावेरी बोलत होती, "कोशाचं पान जोडावं लागतं. मी नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन दोन कोश बघितले. दोन्हीत मत्सर, हेवा असंच दिलंय. म्हणून म्हटलं, तुम्ही द्वेष दिलाय म्हणजे तुमच्याकडं मोठा कोश असेल. तेवढं पान दाखवा. दुकानातून लगेच झेरॉक्स काढते."

सर पाणी प्यायले.

"परीक्षेत... तू काय विचार करून तीन केलंस?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांना वेळ हवा होता.

कावेरी ओशाळून हसली. "तुमच्याच पद्धतीनं केलं होतं, सर. 'शेजाऱ्याचं चांगलं झालेलं बघून तिला असूया वाटली.' द्वेष घालून बघितलं, तर खुपलं. द्वेष करायला कुणाचं चांगलं व्हावं लागत नाही, तो तसाही करता येतो. मत्सर अगदी बसला. दोनवर क्लिक केलंसुद्धा होतं. मग आठवलं, सरांच्या पुस्तकात तीन आहे. म्हटलं, माझी अक्कल कितीशी? सरांनी काहीतरी बघूनच दिलं असणार. शेवटच्या मिनिटाला बदललं."

खालच्या दुकानात कोणीतरी पोती आपटत होतं. सरांना वाटलं, हिने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"बेंगाळांकडेही हा प्रश्न होता," ते कसेबसे म्हणाले. अजूनही त्यांचं मन एक खुंटी शोधत होतं. "आपले प्रश्न त्यांच्याकडे कसे जायचे, तुला काही..."

"जायचे कुठं सर? जुने पेपर आहेत ते. आमच्या दुकानात गठ्ठाच आहे बारा-पंधरा वर्षांचा. बेंगाळ सरही त्यातूनच नेतात. मालक सांगतात, आधी तुम्हीपण आमच्याकडूनच न्यायचे म्हणून. असूया तर दोनदा येऊन गेलाय." ती सहज म्हणाली. मग घड्याळाकडे बघितलं. "सर, कोश?"

सर उठले. कपाटापर्यंत गेले आणि कपाट न उघडताच परत आले.

"कोश नाही, कावेरी. मत्सरच बरोबर आहे. हरकत टाकू नकोस, पैसे जातील."

"मग छपाई चुकली का?"

हो म्हणता आलं असतं. एका अक्षरात सुटका होती, आणि पोरीने त्यावरही विश्वास ठेवला असता. तिने विश्वास ठेवला असता, हेच सरांना सहन झालं नाही.

"नाही. मी चुकवलं. तुझ्या एकटीच्या प्रतीत. मला वाटायचं, तू माझे प्रश्न बेंगाळांना देतेस. सापळा होता तो. पंधरा दिवसांत दुरुस्त करणार होतो. केलं नाही. माझं चुकलं, पोरी. फार मोठं चुकलं."

कावेरीने उत्तरसूचीतल्या एकशे सदतीसवर बोट ठेवलं.

"मी त्या दिवशी विचारलं होतं, सर. एकशे सदतीस राहिला म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणाला, घरी कर."

तिने टेबलावरचं पेन उचललं, उत्तरसूचीत तीनवर काट मारली आणि शेजारी सुबक अक्षरात दोन लिहिलं. पुस्तिका तिथेच ठेवली. "माझ्यानंतर कुणाला द्यायची असली तर," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दीड महिन्याने निवड यादी लागली. कावेरीच्या यादीतल्या शेवटच्या मुलीला एकशे अडुसष्ट होते. सरांनी कावेरीला फी न घेता पुढची तयारी करून द्यायचा निरोप धाडला. 'बघते' एवढंच उत्तर आलं. ती क्लासला आली नाही.

जूनमध्ये नव्या बॅचसाठी पुस्तिका काढायची वेळ आली. सरांनी या वेळी प्रतींवर क्रमांक घातले नाहीत. मूळ प्रत पिशवीत घातली आणि छपाईला नेहमीसारखं नांदेडला न जाता तडक बसस्टँडजवळच्या त्या दुकानात गेले. काउंटरवर कावेरीच होती.

"या सर. किती काढायच्या?"

"ऐंशी. तुझ्याच हातून काढ म्हटलं," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटेत चार वेळा घोकलं होतं. "विश्वासाचं माणूस लागतं."

"बसा ना."

तिने गठ्ठा घेतला. मशीनचं झाकण उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. मग मागची उत्तरसूची काढून काउंटरवर पसरली, पेन घेतलं आणि पहिल्या प्रश्नापासून एकेक उत्तर ताडून बघू लागली.

"अगं, बरोबर आहे सगळं," सर म्हणाले. "मी स्वतः तीनदा तपासलंय."

"हो सर," कावेरी मान वर न करता म्हणाली. "तरी बघते."

सर बाकड्यावर बसले. पाचशे प्रश्न होते, आणि ती अजून बाविसाव्यावर होती.