लियाकतभाई बायकोचं ऐकायला लागले

रहमतबीला गेलं वर्षभर एकच भीती खात होती: आपलं डोकं कामातून चाललंय. ही भीती तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगितलं की घरचे लक्ष ठेवणार, आणि लक्ष ठेवलं की काहीतरी सापडणारच, एवढं तिला कळत होतं.

घाबरायला कारण होतं. तिची आई कापूरव्होळला, हमरस्त्याच्या कडेला राहायची. शेवटी शेवटी तिला पोटची लेक ओळखू येईना. उठून चालू लागायची ती थेट रस्त्यात, ट्रकांच्या मधोमध. मग भावानं खोलीला बाहेरून कडी घातली. आत आई दार वाजवत राहायची आणि बाहेर लोक म्हणायचे, वय झालं, दुसरं काय. रहमतबीनं ते दार वाजताना ऐकलं होतं. साठी उलटल्यापासून तिला वाटायचं, आता आपली पाळी.

खुणाही दिसत होत्याच. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधला. आतल्या खोलीत गेली आणि कशाला आले बाई, म्हणून उभी राहिली. साखरपुड्यात भाचीचं नाव ओठावर येईना. आलं ते घरी भांडी घासताना, आरजू! एहसाननं, तिच्या लेकानं, मोबाईल आणून दिला, तर त्याची बटणं शिकता शिकता महिना गेला. एकेक गोष्ट घडली की तिला आईचं ते दार वाजताना ऐकू यायचं.

एक सुख तेवढं होतं, ते नवऱ्याचं. लियाकतभाई म्हणजे भोरमधले नावाजलेले बावर्ची. पुलावाची देग चढवावी ती त्यांनीच. जन्मभर त्यांनी देगीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही; बायकोनं झाकण उचललं तरी डोळे वटारायचे. आणि आता? आता स्वतःहून विचारायचे, "रहमत, मीठ घालू का गं?" मसाला कधी, तांदूळ किती, विस्तव कधी ओढायचा, सगळं हिच्या तोंडाकडे बघून. लोक चिडवायचे, "भाईंनी म्हातारपणी लगाम दिला बायकोच्या हातात!" लियाकतभाई हसायचे. रहमतबी पदर सावरत लाजायची. आयुष्यभराच्या तुसडेपणाची शेवटी भरपाई झाली, असं तिला मनापासून वाटायचं.

त्यामुळे बाकीचं तिच्या ध्यानातच आलं नाही. एकच गोष्ट ते दहादा विचारत, ती दहादा सांगे. बोलताना शब्द अडला की ती पुरवे. मोठं उलथनं तांदळाच्या पिंपात सापडलं. त्याआधी त्यांनी एहसानवर चोरीचा आळ घेतला होता. तापट माणूस, ती म्हणाली. भाटघरहून परतताना भोरला उतरायचं सोडून भलतीकडंच गेले, तेव्हा म्हणाली, गप्पांत राहून गेलं असेल. जुन्या मंडळींत बसायला जाईनात, तर तिला वाटलं, माझ्यासाठी घरी थांबतात.

मग भाटघरच्या लग्नात पुलाव असा खारट झाला की पहिल्याच पंगतीत लोकांनी हात आखडले. लियाकतभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "हिनं दोनदा सांगितलं, म्हून दोनदा घातलं." आणि रहमतबीनं ते खरं मानलं. आपणच दोनदा सांगितलं आणि आपल्यालाच आठवत नाही, म्हणजे सुरुवात झाली. शेवटी तिनं लेकाला न सांगता डॉक्टर शेफालींचा दवाखाना गाठला. सोबतीला लियाकतभाई.

"बाई, मला कोंडायची पाळी यायच्या आत औषध द्या," ती म्हणाली आणि रडली.

डॉक्टरबाईंनी तिला बोलू दिलं, आईचं आणि कडीचंही ऐकून घेतलं. मग भाटघरच्या लग्नाचं विचारलं. रहमतबीनं सगळं सांगितलं: लाकडं ओली होती, धुरानं डोळे चुरचुरत होते, नवरीच्या मामानं घाई लावली होती, पोरं देगीभोवती पळत होती म्हणून आपण त्यांना हाकललं.

"आणि मीठ?"

"म्या म्हनले, आता घाला. मग पोरांमागं गेले. परत आले तर हे विचारतात, मीठ घालू का? मला वाटलं घातलं न्हाई, म्हून व्हय म्हनले." बोलता बोलता तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला सगळं नीट आठवतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाव उशिरा आठवणं, चष्मा शोधणं, नवीन गोष्ट शिकायला वेळ लागणं, हे वयानं होतं. मागाहून आठवतं, घर चालतं, रोजचं काम जमतं. तुमच्यासाठी मला एवढ्यात काळजी वाटत नाही. आता भाईंशी बोलू?"

लियाकतभाई ऐटीत बसले.

"भाई, भाटघरच्या लग्नात काय झालं?"

"कुठलं लगीन?" त्यांनी रहमतबीकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं.

"चाची, तुम्ही नका सांगू."

डॉक्टरबाईंनी दोघांना तीन शब्द दिले, आंबा, खुर्ची, नदी, आणि लक्षात ठेवा म्हणाल्या. मग इकडचं तिकडचं विचारलं. महिना कुठला, तर लियाकतभाई म्हणाले, "रमजान झाला न्हवं आत्ताच?" रमजान होऊन किती दिवस लोटले होते! थोड्या वेळानं शब्द विचारले. रहमतबीला आंबा आणि नदी आली, तिसरा शब्द बसायची वस्तू म्हटल्यावर आला. लियाकतभाईंना असे काही शब्द दिले होते, हेच ठाऊक नव्हतं. बसायची वस्तू सांगूनही उपयोग झाला नाही.

"बरं, दोनशे माणसांना पुलाव घालायचाय. तांदूळ किती भिजवू?"

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ज्या माणसानं सांगितलं असतं, तो माणूस बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. उत्तर रहमतबीच्या जिभेवर होतं. तिनं ओठ दाताखाली दाबून धरले. त्यांच्या कपाळावर घाम आला. नजर भिंतीवर गेली, दारावर गेली, पुन्हा तिच्यावर आली, आणि त्या नजरेत तिला भीती दिसली, निव्वळ भीती. त्यांना कळत होतं. कितीतरी दिवसांपासून कळत असावं.

"हिला इचारा की," ते हसून म्हणाले. "म्या हल्ली हिचंच ऐकतो."

त्यांना बाहेर बसवून डॉक्टरबाई हळूच बोलल्या. हातचं काम विसरणं, तेच तेच विचारणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, वस्तू भलत्या जागी ठेवून दुसऱ्यावर आळ घेणं, माणसांत जाईनासं होणं, हे नुसतं वय नव्हे. पण एवढ्यावरून आजाराला नाव द्यायचं नाही. थायरॉईडनं, अंगात जीवनसत्त्व कमी पडल्यानं, मन खचल्यानंही असं होतं, आणि त्यातलं काही सुधारतं. रक्त तपासायचं, पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, उशीर करायचा नाही.

"आन तसं काही निघालं न्हाई तर? माज्या आईचाच आजार निघाला तर?"

"तर तो बरा होत नाही, चाची. पण लवकर कळला तर माणसाला सांभाळता येतं. कडी न लावता."

रहमतबी बाहेर आली. स्वतःचं डोकं शाबूत आहे, हे ऐकून तिला क्षणभर हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटत होती. ज्याला ती वर्षभर माया समजत होती, ती मायाच होती की नुसता आधार शोधणं, हे आता कुणाला विचारणार?

लियाकतभाई बाकावरून उठले आणि तिचा हात घट्ट धरला.

"काय म्हनल्या गं बाई तुला? भिऊ नगं. म्हातारपनी व्हतंच असं. तू इसारलीस तर म्या हाय की. तुजं समदं म्या ध्यानात ठेवीन."

"व्हय," ती म्हणाली.

आणि तिचा हात धरून ते निघाले, घराच्या उलट्या दिशेला.