एका पाकिटातले एकवीस रंग

नर्सरीत रोपं वाढवायची वहिनी आणि ती ऑनलाइन विकायची नणंद, अशी त्या दोघींची वाटणी होती. एके दिवशी नणंद फोन नाचवत शेडमध्ये आली.

"वहिनी, एक ड्रॉइंगचे मास्तर भडकलेत. आपल्या रंगीत पानांच्या कोलियसच्या बियांतून एकवीस रोपं आली म्हणे, आणि एकाचाही रंग दुसऱ्याशी जुळत नाही. आपल्या जाहिरातीच्या फोटोत मात्र लालबुंद पानं!"

वहिनीनं मास्तरांनी पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. हिरव्या कडांची, जांभळ्या ठिपक्यांची, एक तर चक्क पिवळंधमक. राग यायच्या ऐवजी तिचं कुतूहलच चाळवलं. "बी तर मी त्या लाल झाडाचंच धरलं होतं. मग हे आलं कुठून?"

तिनं त्याच बियांतली चिमूटभर ट्रेमध्ये पेरली. या बियांना उजेड लागतो, म्हणून वर माती न टाकता नुसतं पाणी फवारलं. मास्तरांना कळवलं, "दीड महिना द्या, शोध लावते." नणंदेनं कपाळाला हात लावला.

वहिनी मात्र रोज सकाळी आधी ट्रेपाशी. रोपांना चार-सहा पानं आली तसा रंगांचा गोंधळ उघड झाला. मग ती त्या लाल आईझाडापाशी जाऊन बसली. तुऱ्यावरची मधमाशी उडाली ती थेट शेजारच्या हिरव्या कोलियसवर, तिथून पिवळ्यावर. वहिनी खुदकन हसली. "वन्सं, चोर सापडला! हीच एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेते."

त्या दुपारी दोघींनी जाहिरात नव्यानं लिहिली. 'बियांची रोपं रंगानं वेगवेगळी निघतील, फोटोसारखीच येतील असं नाही. हाच लाल हवा असेल तर फांदीपासून केलेलं रोप घ्या. तरी ऊन कमी-जास्त झालं की छटा बदलते. बी वरच पेरा, झाकू नका. कडक ऊन टाळा, पाणी साचू देऊ नका. रोपं सोमवार ते बुधवारच निघतील, चार दिवसांत पोचतील अशाच गावी. बिया देशात कुठेही, देशाबाहेर काहीच नाही.'

"इतकं खरं लिहिलं तर घेणार कोण?" नणंद कुरकुरली.

वहिनीनं मास्तरांना फोन लावला. चूक कबूल केली, मधमाशीचंही सांगितलं. "लाल रोप पाठवलं असतं, पण तुमच्याकडे पार्सलला सहा दिवस लागतात. वाटेतच कुजेल. दुसरं काही पाठवू का?"

मास्तर म्हणाले, "माशीनं केलं हे? अहो, मी पोरांना आयुष्यभर रंग मिसळायला शिकवलं, आणि ही बया न शिकता मिसळते! लाल राहू द्या. त्या पिवळ्याचं बी धरलं तर काय निघेल?"

"मलाही ठाऊक नाही," वहिनी म्हणाली. "धरून बघा, आणि मला कळवा."

फोन ठेवला तेव्हा नणंद ट्रेपुढे उकिडवी बसून, सगळी रोपं एकत्र मावतील असा फोटो काढत होती.